छोट्या लिंकमागचा डेटाबेस

सिस्टीम डिझाइनच्या मुलाखतीत 'यूआरएल शॉर्टनर डिझाइन करा' हा प्रश्न वर्षानुवर्षं विचारला जातो. टायनीयूआरएल २००२ पासून चालू आहे, बिटली २००८ पासून, त्यामुळे ही सेवा काय करते हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. लांबलचक पत्ता दिला की सहा-सात अक्षरांचा कोड मिळतो, आणि तो कोड ब्राउझरमध्ये उघडला की माणूस मूळ पत्त्यावर जाऊन पोचतो.

बहुतेक उमेदवार पहिल्या पाच मिनिटांत फळ्यावर लोड बॅलन्सर, दोन-तीन सर्व्हर, एक कॅश आणि शेवटी 'डेटाबेस' असं लिहिलेला एक डबा काढून मोकळे होतात. खरी मुलाखत त्या डब्यापाशी सुरू होते. त्यात काय ठेवायचं, कोड कसा ठरवायचा, एकच कोड दोघांना मिळणार नाही याची हमी कोण देणार, आणि डबा एका मशीनवर मावेनासा झाला तर तो कसा फोडायचा? या लेखात आपण फक्त त्या डब्यात उतरणार आहोत. लेखभर एकच सूत्र धरून चालू: एक कोड म्हणजे कायम एकच पत्ता. साठवणीचा प्रत्येक निर्णय या हमीला धरून तपासायचा.

आधी हिशेब

डेटाबेसचं नाव घेण्याआधी मुलाखत घेणाऱ्याला दोन गोष्टी विचाराव्यात: महिन्याला नवीन लिंक किती, आणि प्रत्येक लिंक सरासरी किती वेळा उघडली जाते? बऱ्याचदा उत्तर येतं, 'तुम्हीच गृहीत धरा.' मग आपण महिन्याला १० कोटी नव्या लिंक आणि प्रत्येक नव्या लिंकमागे १०० वाचनं धरू.

महिन्यात साधारण २६ लाख सेकंद असतात. म्हणजे सेकंदाला सुमारे ४० नव्या नोंदी आणि ४,००० वाचनं. गर्दीच्या वेळी पाचपट धरलं तर २०० नोंदी आणि २०,००० वाचनं. पाच वर्षांत ६०० कोटी लिंक जमतील. एका नोंदीला मूळ पत्ता, तारखा आणि मालकाचा क्रमांक धरून सैल हाताने ५०० बाइट दिले, तर एकूण ३ टेराबाइट होतात.

हे आकडे मोठ्याने वाचून दाखवा आणि त्यातून निघणारा निष्कर्षही सांगा. सेकंदाला ४० नोंदी लिहिणं कुठल्याही साध्या रिलेशनल डेटाबेसला जड नाही. ३ टेराबाइट आज एका सर्व्हरच्या डिस्कवर मावतात. वाचनं मात्र बरीच आहेत, पण ती सगळी एकाच प्रकारची आहेत: कोड द्या, पत्ता घ्या. जोडण्या नाहीत, शोध नाही, क्रमवारी नाही. त्यामुळे सुरुवात एका मुख्य डेटाबेसने, त्याच्या दोन प्रतींनी आणि पुढे एका कॅशने करता येते. पन्नास मशीनचा पसारा पहिल्या दिवशी मांडायचं कारण या आकड्यांत कुठेच दिसत नाही. असं सांगणारा उमेदवार हिशेबाचा उपयोग करतो आहे, हे समोरच्याला लगेच कळतं.

टेबल एवढंच

पोस्टग्रेसमध्ये मुख्य टेबल असं होईल:

```sql
CREATE TABLE links (
  code       varchar(16) COLLATE "C" PRIMARY KEY,
  long_url   text,
  owner_id   bigint,
  created_at timestamptz NOT NULL DEFAULT now(),
  expires_at timestamptz
);
```

कोड हीच प्रायमरी की आहे. वेगळा आपोआप वाढणारा `id` ठेवलेला नाही, कारण या टेबलकडे येणारा जवळजवळ प्रत्येक प्रश्न कोड घेऊनच येतो. आपल्याला जी हमी हवी, म्हणजे कोड कधीही दोनदा असू नये, तीच प्रायमरी की देते. हमी आणि शोध दोन्ही एकाच इंडेक्सवर भागतात.

इथे एक छोटी पण महागात पडणारी गोष्ट आहे. आपल्या कोडमध्ये लहान आणि मोठी अशी दोन्ही इंग्रजी अक्षरं येणार, म्हणजे `aB3xK9q` आणि `Ab3xK9q` हे दोन वेगळे कोड आहेत. पोस्टग्रेस नेहमीच्या मांडणीत हा भेद पाळतो. मायएसक्यूएल ८.० मध्ये मजकुराचं मूळ कोलेशन `utf8mb4_0900_ai_ci` असतं, आणि शेवटचं `ci` म्हणजे लहान-मोठ्या अक्षरांत फरक न करणं. तिथे हे दोन कोड एकच ठरतात आणि कोडची संख्या गुपचूप कितीतरी पटींनी कमी होते. मायएसक्यूएल निवडलं असेल तर या कॉलमला `ascii_bin` सारखं बायनरी कोलेशन द्यायला हवं.

या टेबलात नसलेली गोष्टही सांगायला हवी: क्लिकची संख्या. `clicks = clicks + 1` हा कॉलम मोहात पाडतो, पण एखादी लिंक गाजली आणि सेकंदाला दोन हजार जणांनी उघडली, तर दोन हजार अपडेट एकाच ओळीवरच्या कुलपासाठी रांग लावतात. शिवाय पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक अपडेट म्हणजे त्या ओळीची नवी आवृत्ती. वाचनाचं हलकं काम लिहिण्याच्या जड कामात बदलतं. म्हणून क्लिकची नोंद काफ्कासारख्या लॉगमध्ये फक्त शेवटी जोडत जावी, आणि दर मिनिटाची बेरीज वेगळ्या टेबलात टाकावी. मुख्य टेबल एकदा लिहिलं की सहसा बदलत नाही, आणि पुढे कॅशिंग सोपं होतं ते याच गुणामुळे.

कोड कुठून आणायचा

अंक, लहान अक्षरं आणि मोठी अक्षरं मिळून ६२ चिन्हं होतात. सहा अक्षरांचे कोड ६२ चा सहावा घात, म्हणजे सुमारे ५,६८० कोटी. सात अक्षरांचे सुमारे ३ लाख ५२ हजार कोटी. आपल्याला पाच वर्षांत ६०० कोटी हवे आहेत, म्हणजे मोजणीपुरती सहा अक्षरंही पुरतात. तरीही सात का घ्यायची, हे पुढे येईल.

पहिला सुचणारा मार्ग म्हणजे मूळ पत्त्याचा एमडी५ हॅश काढून त्याची पहिली सात अक्षरं घेणं. इथे अनेकजण फसतात. हॅश नेहमी हेक्समध्ये छापलेला दिसतो, आणि हेक्समध्ये चिन्हं फक्त १६. सोळाचा सातवा घात म्हणजे २६.८ कोटी. महिन्याला १० कोटी लिंक येत असतील, तर तीन महिन्यांच्या आत सगळे कोड संपले. हॅश बेस-६२ मध्ये बदलून घेतला तरी तो सात अक्षरांवर कापल्यावर दोन वेगळ्या पत्त्यांचे कोड जुळण्याची शक्यता राहतेच. त्यात हॅश ठरलेला असल्यामुळे नुसता पुन्हा प्रयत्न करून उपयोग नाही, पत्त्याला काहीतरी जोडून हॅश पुन्हा काढावा लागतो. मग थेट यादृच्छिक कोड का घेऊ नये?

हॅशच्या बाजूने एक मुद्दा मांडला जातो: एकाच पत्त्याला नेहमी एकच कोड मिळेल, जागा वाचेल. पण दोन वेगळ्या माणसांनी एकाच पत्त्याची लिंक बनवली, तर प्रत्येकाला आपले क्लिक वेगळे मोजायचे असतात, मुदत वेगळी ठेवायची असते, आणि एकाने लिंक काढून टाकली तर दुसऱ्याची चालू राहायला हवी असते. त्यामुळे प्रत्येक विनंतीला नवा कोड देणं जास्त सरळ आहे.

दुसरा मार्ग म्हणजे काउंटर. एक संख्या वाढवत जायची आणि ती बेस-६२ मध्ये लिहायची. टक्कर होणारच नाही, हा मोठा फायदा. प्रत्येक कोडसाठी काउंटरकडे धावू नये म्हणून प्रत्येक सर्व्हरने हजार-हजार संख्यांचा गठ्ठा उचलायचा. सर्व्हर मध्येच बंद पडला तर गठ्ठ्यातल्या उरलेल्या संख्या वाया जातात, पण एवढ्या मोठ्या अवकाशात त्याचं काही वाटायला नको. काउंटर एकाच ठिकाणी अडकू नये म्हणून फ्लिकरने २०१० मध्ये दोन मायएसक्यूएल सर्व्हरांची रचना जाहीर केली होती. त्यातला एक विषम संख्या देई आणि दुसरा सम. ट्विटरच्या स्नोफ्लेकचं नावही इथे निघतं, पण त्याची ६४ बिटांची संख्या बेस-६२ मध्ये ११ अक्षरांपर्यंत जाते. छोट्या लिंकसाठी ती लांब पडते.

काउंटरचा दोष वेगळाच आहे. आपला कोड `4fG2a` असेल, तर शेजारच्याचा `4fG2b` असणार हे कुणालाही कळतं. एकामागोमाग कोड टाकत गेलं की सगळ्यांच्या लिंक वाचता येतात. सेवेत रोज किती लिंक बनतात हेही स्पर्धकाला दोन दिवसांच्या दोन कोडमधून कळतं.

तिसरा मार्ग म्हणजे सुरक्षित यादृच्छिक जनरेटरने सात अक्षरं निवडणं. आता सहा की सात याचं उत्तर देता येतं. पाच वर्षांनी ६०० कोटी कोड वापरात असतील. सहा अक्षरांच्या अवकाशात याचा अर्थ दर दहा कोडमागे एक भरलेला. अंदाजाने टाकलेला दहावा कोड कुणाची तरी लिंक उघडेल, आणि नवी लिंक बनवताना दहातला एक प्रयत्न वाया जाईल. सात अक्षरांत हेच प्रमाण सुमारे ५९० मध्ये एक इतकं खाली येतं.

तरीही ५९० मध्ये एक म्हणजे गुप्तता नव्हे. सेकंदाला शंभर कोड तपासणाऱ्याला दर सहा सेकंदांना एक चालू लिंक सापडेल. हा धोका कागदावरचा नाही. मार्टिन जॉर्जिएव्ह आणि विताली श्मातिकोव्ह या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाच-सहा अक्षरी कोड चाळून लोकांचे उघडे क्लाउड फोल्डर आणि नकाशांवरचे खाजगी प्रवासमार्ग शोधून दाखवले होते. त्यांनी ही त्रुटी कळवल्यावर गूगलने नकाशांच्या छोट्या लिंकचा कोड ११-१२ अक्षरांचा केला. म्हणून मुलाखतीत हे स्पष्ट म्हणावं: छोटी लिंक ही किल्ली नाही, आणि खाजगी कागदपत्रांसाठी मूळ पत्त्यावरच परवानगी तपासली गेली पाहिजे.

आपण यादृच्छिक सात अक्षरं निवडू. आता टक्करीचं काय ते पाहायला हवं, कारण त्याच ठिकाणी हमी मोडते किंवा टिकते.

एकच कोड दोघांना गेला तर

३ लाख ५२ हजार कोटी कोड असताना टक्कर कशाला होईल, असं वाटतं. पण वाढदिवसाचा नियम इथेही लागू होतो. वर्गात तेवीसच मुलं असली तरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते. त्याच गणिताने आपल्या अवकाशात पहिली टक्कर सरासरी २३ ते २४ लाख कोडनंतर येते. आपल्याकडे दिवसाला ३३ लाख लिंक बनतात. म्हणजे पहिली टक्कर बहुधा पहिल्याच दिवशी येईल.

ती कशी हाताळायची? बहुतेक उमेदवार म्हणतात, 'आधी कोड आहे का बघू, नसेल तर लिहू.' हे दोन टप्पे दोन वेगळ्या विनंत्यांमध्ये कसे पडतात ते सावकाश पाहा. सर्व्हर 'अ' विचारतो, `q7Lm2Xz` आहे का? उत्तर, नाही. त्याच क्षणी सर्व्हर 'ब' तेच विचारतो आणि त्यालाही 'नाही' हेच उत्तर मिळतं. 'अ' लिहितो. मग 'ब' लिहितो. प्रायमरी की असेल तर 'ब' ला चूक मिळेल आणि निभावेल. पण साठवण की-व्हॅल्यू प्रकारची असेल, तर 'ब' ची नोंद 'अ' च्या नोंदीवर चढते. देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवर एकाच क्रमांकाचे दोन बिल्ले गेले तर होईल तेच इथे होतं: पहिला माणूस परत येतो आणि त्याच्या हातात दुसऱ्याचा जोड पडतो. 'अ' ची लिंक कदाचित पत्रिकेवर छापून गेलेली असते आणि ती आता 'ब' च्या पानावर नेते. लॉगमध्ये एकही चूक दिसत नाही, कारण दोन्ही लेखनं यशस्वी झालेली असतात.

बिल्ला मोकळा आहे का हे बघणं आणि तो देणं, ही एकच अविभाज्य क्रिया हवी. पोस्टग्रेसमध्ये ती अशी लिहितात:

```sql
INSERT INTO links (code, long_url, owner_id, expires_at)
VALUES ($1, $2, $3, $4)
ON CONFLICT (code) DO NOTHING
RETURNING code;
```

एक ओळ परत आली तर कोड आपला. एकही आली नाही तर कोड आधीच गेलेला आहे, नवा काढून पुन्हा प्रयत्न करायचा. पाच प्रयत्नांत जमलं नाही तर चूक परत द्यायची. वापरकर्त्याने स्वतः निवडलेलं नाव, समजा `diwali-sale`, हेही याच वाक्यातून जाईल. फरक इतकाच, की तिथे पुन्हा प्रयत्न न करता 'हे नाव घेतलेलं आहे' असं सांगायचं. `login`, `api` अशी आपल्याच पानांची नावं मात्र आधीच राखून ठेवावी लागतात.

डायनॅमोडीबी निवडलं तर हीच काळजी तिथल्या भाषेत घ्यावी लागते. तिथलं `PutItem` मुळात जुनी नोंद बदलून टाकतं. त्याला `attribute_not_exists(code)` अशी अट जोडावी लागते. कॅसँड्रातही साधं `INSERT` जुन्या नोंदीवर लिहितं. `IF NOT EXISTS` लावलं की ते थांबतं, पण त्यासाठी प्रतींमध्ये आपसात सहमतीच्या फेऱ्या होतात आणि लेखन मंदावतं. 'मी नोएसक्यूएल घेईन' एवढं म्हणून थांबणाऱ्यापेक्षा ही अट सांगणारा उमेदवार खूप पुढे असतो.

आपली रचना बरोबर आहे हे कसं तपासायचं? सात अक्षरांत टक्कर इतकी विरळ आहे की चाचणीत ती दिसणारच नाही. म्हणून चाचणीपुरता कोड दोन अक्षरांचा करा. एकूण कोड होतील ३,८४४. पन्नास समांतर धाग्यांतून तीन हजार लिंक बनवा, आणि यशस्वी उत्तरांची संख्या टेबलातल्या ओळींशी ताडून पाहा. एकाचाही फरक पडला तर कुणाची तरी नोंद पुसली गेली आहे.

चालू सेवेत पुन्हा कराव्या लागणाऱ्या प्रयत्नांचं प्रमाण मोजत राहावं. पाचव्या वर्षाच्या शेवटी ते ५९० मागे एक असेल, म्हणजे साधारण दर पंधरा सेकंदांना एक. ते हळूहळू वाढणं ठीक आहे. अचानक शेकड्यात पाचावर गेलं, तर बहुधा यादृच्छिक जनरेटर बिघडला आहे. उदाहरणार्थ, अनेक सर्व्हर एकाच बीजापासून सुरू होऊन एकसारखेच कोड काढत असतील.

वाचन आणि मागे पडलेली प्रत

सेकंदाला ४,००० वाचनांपैकी बहुतेक वाचनं थोड्याच लिंकवर होतात: आजची बातमी, कालची जाहिरात. एक कोटी लिंक कॅशमध्ये ठेवायला ५०० बाइटच्या हिशेबाने ५ गिगाबाइट मेमरी लागते, म्हणजे एक मध्यम रेडिस सर्व्हर पुरतो. कॅशमध्ये नसलेलं वाचन डेटाबेसच्या प्रतीकडे जातं.

अडचण इथे येते. प्रत मुख्य डेटाबेसच्या थोडी मागे असते. सहसा काही मिलिसेकंद, गर्दीत काही सेकंद. माणूस लिंक बनवतो, खात्रीसाठी लगेच उघडतो, आणि त्याला 'सापडलं नाही' दिसतं. त्यातही भर म्हणजे, नसलेल्या कोडचा मारा झाला तर डेटाबेस वाचावा म्हणून आपण 'हा कोड नाही' हे उत्तरही कॅशमध्ये ठेवतो. आता मागे पडलेल्या प्रतीचं चुकीचं उत्तर तिथे जाऊन बसतं. लिंक अस्तित्वात असूनही काही मिनिटं उघडत नाही, आणि तक्रार तपासायला घेईपर्यंत सगळं सुरळीत झालेलं असतं.

उपाय दोन. नोंद यशस्वी झाली की तो कोड लगेच कॅशमध्ये टाकायचा. त्यामुळे पहिलं वाचन प्रतीपर्यंत जातच नाही. आणि 'नाही' हे उत्तर पाच-दहा सेकंदांपुरतंच ठेवायचं. कॅश लेखन फसलं तरी मग नुकसान दहा सेकंदांपलीकडे जात नाही.

प्रतींचा दुसरा प्रश्न जास्त गंभीर आहे. मुख्य डेटाबेसने 'लिहिलं' असं सांगितलं, पण ती नोंद प्रतीकडे पोचण्याआधीच तो बंद पडला आणि प्रत मुख्य झाली. वापरकर्त्याच्या हातात कोड आहे, डेटाबेसमध्ये नाही. आपण काउंटर वापरत असतो तर आणखी वाईट झालं असतं: काउंटरही काही पावलं मागे गेला असता, आणि वाटलेल्याच संख्यांचा गठ्ठा दुसऱ्या सर्व्हरला मिळाला असता. म्हणून किमान एक प्रत समकालिक ठेवावी, म्हणजे तिने नोंद स्वीकारल्याशिवाय वापरकर्त्याला उत्तर द्यायचं नाही. प्रत्येक लेखनाला काही मिलिसेकंद जास्त लागतील. सेकंदाला ४० लेखनं असताना ती किंमत देणं परवडतं, आणि सुरुवातीचा हिशेब इथे पुन्हा कामी येतो.

एका मशीनवर मावेनासं झालं की

डिस्कच्या आधी मेमरी कमी पडते. पोस्टग्रेसच्या इंडेक्समध्ये सात अक्षरी कोडची एक नोंद पानातली रिकामी जागा धरून २५ ते ३० बाइट घेते. ६०० कोटी नोंदींचा इंडेक्स दीडशे गिगाबाइटच्या वर जातो. कोड यादृच्छिक असल्यामुळे वाचनं इंडेक्सभर विखुरतात. तो मेमरीत मावेनासा झाला, की कॅश चुकलेल्या प्रत्येक वाचनाला डिस्कवर जावं लागतं आणि उत्तराचा वेळ वाढू लागतो. टेबल फोडायची वेळ आली याची ही खूण.

फोडायचं कशावर? कोडवरच. कारण साधं आहे: एक कोड नेहमी एकाच तुकड्यात जातो, म्हणून त्या तुकड्यातली प्रायमरी की संपूर्ण सेवेसाठीही हमी ठरते. तुकड्यांना एकमेकांना विचारावं लागत नाही. मालकाच्या क्रमांकावर फोडलं असतं, तर तोच कोड दोन तुकड्यांत असू शकला असता, आणि नुसता कोड घेऊन आलेल्या वाचकाला कुठे पाठवायचं हेही कळलं नसतं.

कोडचा हॅश काढून त्याला मशीनच्या संख्येने भागायचं आणि बाकीवरून मशीन ठरवायचं, ही पद्धत पहिल्या वाढीलाच त्रास देते. चारची पाच मशीन केली, तर शंभरातल्या ऐंशी नोंदींचं ठिकाण बदलतं. त्याऐवजी सुरुवातीपासूनच १,०२४ तार्किक बादल्या ठरवा. हॅश बादली ठरवतो, आणि कुठली बादली कुठल्या मशीनवर आहे हे एका छोट्या तक्त्यात असतं. चारची पाच मशीन झाली की सुमारे २०५ बादल्या नव्या मशीनवर जातात, म्हणजे फक्त पाचवा हिस्सा हलतो.

'माझ्या सगळ्या लिंक दाखवा' हा एकच प्रश्न आता अवघड होतो, कारण एका माणसाच्या लिंक सगळ्या तुकड्यांत पसरलेल्या आहेत. त्यासाठी मालकाच्या क्रमांकावर फोडलेलं दुसरं टेबल ठेवावं, त्यात फक्त मालक, कोड आणि तारीख. आधी मुख्य टेबलात लिहायचं, मग यादीत. मध्येच काही अडलं तर लिंक चालू राहते, फक्त यादीत दिसत नाही, आणि यादी मुख्य टेबलावरून पुन्हा बनवता येते. उलट क्रमाने लिहिलं तर यादीत दिसणारी लिंक उघडत नाही, आणि ते भरून काढायला मूळ पत्ता कुठेच नसतो.

मुदत संपल्यावर

मुदतीच्या लिंकबद्दल विचारलं जाईलच. मुदत नेहमी वाचताना तपासायची: `expires_at` उलटली असेल तर लिंक बंद. प्रत्यक्ष पुसण्याचं काम रात्री थोडंथोडं करता येतं. डायनॅमोडीबीची स्वतःची मुदतीची सोय आहे, पण तिथेही नोंद मुदतीनंतर काही दिवसांनी पुसली जाऊ शकते, त्यामुळे वाचतानाची तपासणी टळत नाही. कॅशमधल्या नोंदीचं आयुष्यही लिंकच्या मुदतीपलीकडे जाऊ देऊ नये. आणि उत्तर ३०१ ऐवजी ३०२ ने द्यावं. ३०१ ब्राउझर स्वतःजवळ जपून ठेवू शकतो, आणि मग बंद केलेली लिंकही त्या माणसाकडे उघडत राहते.

पुसलेला कोड पुन्हा वापरावा का? नाही. त्या कोडची लिंक कुणाच्या पत्रिकेवर, कुणाच्या प्रबंधात, कुठल्या सरकारी कागदावर छापलेली आहे हे आपल्याला कळू शकत नाही. म्हणून पत्ता पुसावा, पण कोडची ओळ ठेवावी, म्हणजे प्रायमरी की तो कोड पुन्हा जाऊ देणार नाही. लिंक किती काळ जगतात हे गूगलच्या उदाहरणावरून दिसलं. `goo.gl` ने नव्या लिंक बनवणं २०१९ मध्येच थांबवलं होतं. जुन्या लिंक ऑगस्ट २०२५ मध्ये बंद होतील असं त्यांनी २०२४ मध्ये जाहीर केलं, आणि ती तारीख जवळ आल्यावर वापरात असलेल्या लिंक चालूच ठेवायचा निर्णय घेतला.

मुलाखतीत वेळ कमी पडला तर कॅशचा आकार, बादल्यांची संख्या, डेटाबेसचं नाव हे सगळं गाळलं तरी चालेल. पण कोड देण्याची क्रिया अविभाज्य आहे, तिची हमी डेटाबेसची प्रायमरी की देते, आणि दिलेला कोड पुन्हा दुसऱ्याला जात नाही, ही तीन वाक्यं कारणांसह नक्की सांगा. साठवणीचा बाकीचा सगळा भाग नंतर बदलता येतो. चुकीच्या पत्त्यावर गेलेली छापील लिंक परत बोलावता येत नाही.